दुकानाचा विमा आणि दुकानदाराचा विमा

आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानाचा आणि गोदामाचा आगीचा विमा उतरवलेला असतो. बँकेचे कॅश क्रेडिट घेतले असेल तर तो असावाच लागतो. दरवर्षी हप्ता भरला जातो, मुनीमजी तो खर्चखात्यात लिहितात आणि वर्ष संपते. आग लागली नाही म्हणून त्या हप्त्याचे पैसे परत मागायला कोणी व्यापारी विमा कंपनीच्या दारी जात नाही. उलट, वर्ष निर्विघ्न गेले याचेच त्याला समाधान असते. वर्षभराचे संरक्षण विकत घेतले, त्याची किंमत दिली आणि व्यवहार पुरा झाला, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हाच व्यापारी स्वतःच्या आयुष्याचा विमा घेताना मात्र पहिला प्रश्न विचारतो, “मुदत संपल्यावर हाती काय येईल?” टर्म विम्यात, म्हणजे शुद्ध मुदत विम्यात, मुदतीअखेर काहीही परत मिळत नाही असे कळले की त्याला तो पैसा पाण्यात गेल्यासारखा वाटतो. मग तो एंडोमेंट पॉलिसी घेतो, कारण तिच्यात विमाही आहे आणि शेवटी रक्कमही मिळते. मालाच्या विम्याला लावलेला न्याय आपण मालकाच्या विम्याला का लावत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपण जमाखर्चाच्याच भाषेत शोधू.

एक उदाहरण कल्पू या. ३२ वर्षांचा एक तरुण किराणा मालाचा घाऊक व्यापार पाहतो. पेढी त्याच्या एकट्याच्या मालकीची आहे. घरी आईवडील, पत्नी आणि दोन लहान मुले आहेत. बँकेचे कॅश क्रेडिट २५ लाखांचे, दुकानदारांचे व पुरवठादारांचे देणे सुमारे १० लाखांचे आणि घरखर्च महिन्याला ५० हजारांचा आहे. विवरणपत्रात तो वर्षाला ६ लाख रुपये उत्पन्न दाखवतो. नात्यातलाच एक विमा प्रतिनिधी त्याला २० वर्षे मुदतीची, १० लाख विमा रकमेची एंडोमेंट पॉलिसी सुचवतो. वार्षिक हप्ता ५३ हजार रुपये आहे. बोनस दर हजारी ४५ रुपये धरला आणि अखेरचा अतिरिक्त बोनस ५० हजार धरला, तर २० वर्षांनी साडेएकोणीस लाख मिळतील. हे आकडे उदाहरणादाखल असले तरी बाजारात दिसणाऱ्या पॉलिसींच्या जवळचे आहेत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, म्हणून तो येथे धरलेला नाही.

“भरायचे १० लाख ६० हजार आणि मिळायचे साडेएकोणीस लाख, म्हणजे जवळजवळ दुप्पट,” असे प्रतिनिधी सांगतो. बेरीज बरोबर आहे, पण व्यापारी माणूस रक्कम किती झाली याबरोबर ती किती काळात झाली हेही विचारतो. प्रत्येक हप्ता किती वर्षे अडकून राहिला हे धरून व्याज काढले, तर या पॉलिसीचा परतावा दरसाल साधारण साडेपाच टक्के पडतो.

तो इतका कमी का, हे बोनसच्या रचनेतून कळते. दर हजारी ४५ रुपये ऐकले की वाटते, साडेचार टक्के तर बोनसच आहे, वर विमा वेगळा. परंतु हा बोनस आपल्या विमा रकमेवर दरसाल सारखाच मिळतो. पहिल्या वर्षी जाहीर झालेले ४५ हजार पुढची १९ वर्षे पॉलिसीत पडून राहतात आणि त्यांच्यावर पुन्हा बोनस चढत नाही. सावकारीच्या भाषेत सांगायचे तर हे सरळव्याज आहे, आणि तेही मुदतीअखेर एकदम हाती येणारे. जी रक्कम आज आपल्या नावे लिहिली गेली, ती २० वर्षांनीही तेवढीच असते.

दुसरे कारण हप्त्याच्या वाटणीत आहे. आपल्या ५३ हजारांतून आधी मृत्यूच्या जोखमीची किंमत वजा होते. मग प्रतिनिधीचे कमिशन व कंपनीचा खर्च जातो, आणि तो पहिल्या वर्षी सर्वांत जड असतो. उरलेला पैसा कंपनी गुंतवते. नियमानुसार आयुर्विमा निधीचा किमान निम्मा भाग सरकारी व तत्सम रोख्यांत ठेवावा लागतो. रक्कम सुरक्षित राहावी म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. पण रोख्यांच्या उत्पन्नातून हे सर्व खर्च वजा झाल्यावर ग्राहकाच्या हाती पाच-साडेपाच टक्केच राहावेत, यात नवल नाही.

आता दुसरी वाट पाहू. तोच ३२ वर्षांचा, निर्व्यसनी आणि निरोगी तरुण २० वर्षांसाठी १ कोटीचा टर्म विमा घेतो. त्याचा हप्ता आपण वर्षाला १३ हजार धरू. ५३ हजारांतून हे वजा जाता ४० हजार उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३,३०० रुपये. ते तो निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा टाकतो. फंडाने सरासरी १० टक्के दिले, तर २० वर्षांनी सुमारे २५ लाख २० हजार होतात. सर्व रक्कम एकाच वर्षी काढली तर आजच्या नियमाप्रमाणे सव्वा लाखावरील दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. तो सुमारे २ लाख जाऊन २३ लाखांच्या वर रक्कम हाती राहते. एंडोमेंट पॉलिसीची मुदतपूर्तीची रक्कम या उदाहरणात करमुक्त आहे, म्हणून तुलना कर वजा करूनच केली पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. फंडाचे १० टक्के कोणी लिहून देत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता आणि पुढच्या वर्षाच्या मार्चमध्ये तो ८ हजारांच्या घरात आला होता. हिशेब मांडून पाहिला तर कर जाऊन एंडोमेंटची बरोबरी साधण्यासाठी फंडाला दरसाल सुमारे साडेआठ टक्के द्यावे लागतात. त्याने ६ टक्केच दिले, तर कर जाऊन हाती सुमारे पावणेपंधरा लाख येतील आणि बचतीच्या बाबतीत आपला तरुण एंडोमेंटवाल्यापेक्षा सुमारे पावणेपाच लाखांनी मागे राहील. “फंड नेहमीच पुढे जातो” असे सांगणारा हिशेब अर्धवट असतो.

मग वेगळे करण्यात फायदा कोणता? तो समजण्यासाठी क्षणभर शेअर बाजार बाजूला ठेवू आणि तेच ४० हजार पीपीएफमध्ये टाकू. त्याचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के राहिला आहे. पुढे तो बदलू शकतो, पण हाच धरला आणि १५ वर्षांनंतर खाते आणखी ५ वर्षे वाढवले, तर २० वर्षांनी सुमारे पावणेअठरा लाख करमुक्त मिळतात. एंडोमेंटपेक्षा ही रक्कम पावणेदोन लाखांनी कमी आहे. पण त्या पावणेदोन लाखांच्या बदल्यात २० वर्षे विम्याचे छत्र १० लाखांऐवजी १ कोटीचे राहिले. म्हणजे खरा फरक फंडात नाही, दोन खाती वेगळी लिहिण्यात आहे. विमा एकदा स्वतंत्र आणि पुरेसा घेतला की उरलेला पैसा कोठे ठेवायचा हे ज्याने त्याने आपल्या वृत्तीप्रमाणे ठरवावे. ज्याला बाजाराची चढउतार सोसवते त्याने फंडात, ज्याला सोसवत नाही त्याने पीपीएफमध्ये, आणि अनेकांनी दोन्हीत थोडे थोडे ठेवावे.

हे छत्र कशासाठी, ते आता पाहू. आठव्या वर्षी या तरुणाचे अकस्मात निधन झाले असे समजू. एंडोमेंटमधून १० लाख आणि आठ वर्षांचा बोनस ३ लाख ६० हजार, असे १३ लाख ६० हजार मिळतील. बँकेचे देणेच २५ लाखांचे आहे. गोदामात माल आणि बाजारात उधारी असते हे खरे, पण मालक गेल्यावर माल घाईत विकावा लागतो आणि उधारी वसूल करणारा माणूसच उरलेला नसतो. एकट्याच्या मालकीच्या पेढीला मालकापासून वेगळे अस्तित्व नसते. तिचे देणे त्याच्या मालमत्तेतूनच फेडावे लागते आणि राहते घर तारण असेल तर प्रश्न घरापर्यंत येतो.

टर्म विमा असता तर १ कोटी आणि फंडात साठलेले सुमारे ५ लाख मिळाले असते. बँकेचे व पुरवठादारांचे ३५ लाख फेडून ७० लाख उरतात. त्यावर ७ टक्के उत्पन्न धरले तर महिन्याला ४० हजारांच्या आसपास येतात. पन्नास हजारांच्या घरखर्चाला तेही थोडे कमीच पडतात, पण घर शाबूत राहते, मुलांच्या शाळा बदलत नाहीत आणि त्या माउलीला दिराकडे किंवा माहेरी हात पसरावा लागत नाही.

देणेकऱ्यांचा विषय निघाला म्हणून व्यापारी घरांसाठी विशेष महत्त्वाची असलेली एक तरतूद सांगतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याच्या सहाव्या कलमाखाली विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी किंवा मुलांच्या लाभासाठी विमा घेतला, तर ती पॉलिसी त्यांच्यासाठी ठेवलेला विश्वस्त निधी मानली जाते. ती त्याच्या मालमत्तेत मोजली जात नाही आणि त्याचे देणेकरी तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. मूळ कायदा हिंदू, मुसलमान, शीख व जैन कुटुंबांना लागू नव्हता. १९२३ च्या दुरुस्तीने हे कलम त्यांनाही लागू झाले आणि त्या दुरुस्तीत जैनांचा उल्लेख नावाने आहे. तरीही या सवलतीचा लाभ घेणारे आपल्यात फारसे दिसत नाहीत.

मात्र तिच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात. पॉलिसी घेतानाच प्रस्तावाबरोबर याचे वेगळे पत्रक भरावे लागते, नंतर ते जोडता येत नाही. एकदा लाभार्थी लिहिले की ते बदलता येत नाहीत आणि पतीला ती पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढता येत नाही. देणेकऱ्यांना फसवण्याच्या हेतूने विमा घेतल्याचे सिद्ध झाले तर हे संरक्षण टिकत नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. बँकेच्या कर्जाला पत्नी जामीनदार असेल, तर तिच्या हाती आलेला पैसा तिच्या स्वतःच्या जामीनकीपासून सुटत नाही. अशा घरात लाभार्थी म्हणून मुलांचा विचार करावा आणि त्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. ही तरतूद एंडोमेंटलाही लागू आहे, पण तेथे संरक्षण मिळते ते १३ लाखांना. टर्म विम्यात ते १ कोटीला मिळते.

आता टर्म विमा घेताना व्यापाऱ्याच्या वाटेत येणारा अडथळा पाहू. विमा कंपनी माणसाच्या आयुष्याची किंमत त्याच्या विवरणपत्रावरून ठरवते. साधारणपणे तिशीत उत्पन्नाच्या २० ते २५ पट आणि पन्नाशीत सुमारे १० पट विमा मिळतो. आपल्या उदाहरणात ६ लाख उत्पन्न आहे म्हणून १ कोटी सहज मिळतात. तेच विवरणपत्र ३ लाखांचे असते तर ६० ते ७५ लाखांवर थांबावे लागले असते. कागदावर उत्पन्न कमी दाखवून वाचवलेला कर अशा रीतीने विधवा पत्नीच्या हिश्शातून वजा होतो. वय वाढले की हप्ता चढतो आणि पटही घटते, म्हणून हे काम लांबणीवर टाकणे दोन्ही बाजूंनी महाग पडते.

प्रस्तावात खरे लिहिण्याविषयीही तितकेच दक्ष असावे. मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया, तंबाखूची सवय आणि आधीच्या सर्व पॉलिसी यांची माहिती द्यावी. “हे लिहू नका, उगाच तपासण्या लागतील,” असा सल्ला मिळाला तर तो मानू नये. पॉलिसी सुरू झाल्यापासून ३ वर्षे पूर्ण झाल्यावर विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार कंपनी तिच्या वैधतेला आव्हान देऊ शकत नाही. पण त्या ३ वर्षांत मृत्यू झाला तर लपवलेली एखादी गोष्ट सगळा दावा बुडवू शकते. वैद्यकीय तपासणी टाळण्यापेक्षा ती करून घेतलेली बरी, कारण मग आपली प्रकृती कंपनीच्याच कागदावर नोंदली जाते.

एंडोमेंटच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करावा लागतो, तो शिस्तीचा. पॉलिसीचा हप्ता चुकला तर नुकसान होते म्हणून माणूस तो भरतोच. फंडातील हप्ता मात्र एका सूचनेने थांबवता येतो. व्यापारात रोकड अडली की पहिली नजर तिकडेच जाते आणि बाजार कोसळलेला असेल तर हात आणखी लवकर जातो. वाचलेले ४० हजार दरवर्षी गुंतवले गेले तरच वरचा सगळा हिशेब खरा ठरतो. ते गल्ल्यात विरघळले तर टर्म विमा घेणाऱ्याच्या हाती २० वर्षांनी केवळ छत्र राहील, बचत नाही. म्हणून हा हप्ता पेढीच्या चालू खात्यातून जाऊ देऊ नये, घरच्या स्वतंत्र बचत खात्यातून जावा. आणि व्यापाराच्या अडचणीसाठी काही महिन्यांची रोकड वेगळी ठेवल्याशिवाय फंड सुरू करू नये.

ज्यांच्याकडे आधीच एंडोमेंट पॉलिसी आहे, त्यांनी हा लेख वाचून ती मोडायला धावू नये. सुरुवातीचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, तो मोडल्याने परत येत नाही. येथे मागचे विसरून आजपासूनचा हिशेब करावा लागतो. आपल्या उदाहरणात पाचव्या वर्षाअखेर २ लाख ६५ हजार भरून झालेले असतात आणि सरेंडर केल्यास साधारण १ लाख ६० हजार मिळतील असे धरू. ते १ लाख ६० हजार आणि पुढचे १५ हप्ते यांच्या बदल्यात साडेएकोणीस लाख मिळणे म्हणजे आजपासून पुढे सुमारे साडेसात टक्के. पंधराव्या वर्षी सरेंडर मूल्य १० लाख असेल, तर उरलेल्या ५ वर्षांत हाच परतावा पावणेदहा टक्क्यांच्या जवळ जातो, तोही करमुक्त. म्हणजे संपत आलेली पॉलिसी मोडणे हा तोट्याचा सौदा आहे. अगदी नवी पॉलिसी असेल तर मात्र विचार करायला जागा आहे.

मधला मार्ग पेड-अपचा आहे. हप्ते थांबवले तर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात विमा रक्कम उरते. पाच वर्षांनंतर ती अडीच लाख होते आणि तोवरच्या बोनससह पावणेपाच लाख मुदतीअखेर मिळतात. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींना सरेंडरचे नियम अधिक उदार आहेत आणि त्यांत पहिल्या पूर्ण वर्षाच्या हप्त्यानंतरही काही रक्कम परत मिळू शकते. आपल्या पॉलिसीचे आजचे सरेंडर मूल्य, पेड-अप मूल्य आणि जमा बोनस हे तीन आकडे कंपनीच्या शाखेतून लेखी मागून घ्यावेत आणि मगच निर्णय करावा. कोणताही निर्णय झाला तरी नवा टर्म विमा मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नये. प्रकृतीच्या कारणाने नवा विमा नाकारला गेला, तर जुनेच छत्र कामी येते.

शेवटी एक लहानशी गोष्ट. पुष्कळ घरांत पॉलिसीचे कागद पेढीच्या तिजोरीत असतात आणि तिजोरीची किल्ली एकट्या मालकाकडे. विमा ज्यांच्यासाठी आहे त्या पत्नीला कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक, रक्कम आणि नॉमिनी कोण हे ठाऊक नसते. एखाद्या रविवारी ते सर्व कागद घरी आणावेत, तिच्यासमोर उघडावेत आणि एका वहीत तिच्याच हस्ताक्षरात दोन पाने लिहून घ्यावीत, एक विम्याचे आणि एक बचतीचे. लिहिताना पहिल्या पानावरची रक्कम पेढीच्या देण्यापेक्षा कमी निघाली, तर ती उणीव आपण असताना भरून काढता येते.